उलट्या किती झाल्या यापेक्षा शू कधी झाली ते बघा

"डॉक्टर, आमचा मुलगा वीस महिन्यांचा, वजन ११ किलो. परवा रात्री दहापासून १०२ ताप आणि दोन तासांत पाच उलट्या. पाणी दिलं की लगेच बाहेर. तालुक्याचं गाव २२ किलोमीटरवर आणि पावसात रस्ता वाईट. सासूबाई म्हणाल्या सलाईन लावून आणा, हे म्हणाले सकाळपर्यंत थांबू. शेवटी दीडला गाडी काढली, तर तिथे ओआरएस पाजायला सांगून परत पाठवलं. अंगातलं पाणी कमी झालंय हे घरी कसं ओळखायचं? कधी थांबायचं आणि कधी निघायचं?"

त्या रात्री तुम्ही निघालात यात काही चुकलं नाही. पण निघण्याआधीच्या दोन तासांत काय बघायचं आणि काय करायचं हे माहीत असतं, तर कदाचित निघावंच लागलं नसतं. किंवा निघावं लागणार हे अकरालाच कळलं असतं, दीड वाजेपर्यंत वाट बघावी लागली नसती.

आधी एक गैरसमज दूर करते. आईवडील फोनवर पहिल्यांदा उलट्यांचा आकडा सांगतात आणि मग तापाचा. या दोन्ही आकड्यांवरून मूल किती सुकलंय ते कळत नाही. अर्धा कप पाणी चादरीवर ओतून बघा, केवढा मोठा डाग पसरतो ते. रात्री दिव्याच्या उजेडात तो डाग बघितला की सगळं पोट रिकामं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दोन उलट्यांत जेवण पडतं आणि नंतरच्या उलट्यांत बहुतेक तुम्ही नुकतंच पाजलेलं पाणीच परत येतं. ११ किलोच्या मुलाच्या अंगातलं साधारण अर्धा लिटर पाणी जाईपर्यंत बाहेरून फारशी खूण दिसत नाही. एक लिटरच्या वर गेलं तर जिवावर बेतू शकतं. नुसत्या उलट्यांनी तिथवर पोचायला वेळ लागतो. पातळ जुलाब जोडीला आले की मात्र तीच घसरण काही तासांवर येते. पोटाच्या विषाणूमध्ये बहुतेक वेळा ताप आणि उलट्या आधी येतात, जुलाब अर्ध्या-एक दिवसाने सुरू होतात. म्हणजे पहिल्या रात्री तुमच्या हातात थोडा अवधी असतो. तो अवधी पाणी आत टिकवण्यासाठी वापरायचा.

पण त्याआधी दोन मिनिटं मोठा दिवा लावून मुलाला उघडं करा आणि नीट बघा. काही गोष्टी दिसल्या तर घरी ओआरएस पाजत बसायचं नाही, सरळ निघायचं.

पहिली गोष्ट उलटीचा रंग. पोट रिकामं झाल्यावर पिवळसर, फेसाळ पाणी पडतं, ते नेहमीचं आहे. पालकाच्या भाजीसारखी हिरवीगार उलटी झाली तर आतडं कुठेतरी अडलं असण्याची शक्यता असते, आणि तिथे सकाळपर्यंत थांबता येत नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं तरी तसंच.

दुसरी गोष्ट रडण्याची तऱ्हा. या वयात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीसारखा सरकून बसण्याचा आजार होतो. मूल एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं. दोन-तीन मिनिटांनी शांत होतं, खेळतंसुद्धा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. अशी कळ लाटेसारखी येत राहिली तर घड्याळ बघून वेळा लिहा आणि निघा. लालसर चिकट, जेलीसारखी शी ही त्याची खूण सगळीकडे सांगितली जाते खरी, पण ती उशिरा दिसते. तिची वाट बघू नका.

याशिवाय झटका आला, मान ताठ झाली, टाळू फुगून वर आली (वीस महिन्यांपर्यंत बहुतेकांची टाळू भरलेली असते, पण लहान बाळात हे बघावं), अंगावर दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तर निघायचं. श्वासही मोजा. शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरला आणि ताप उतरल्यावरही तितकाच राहिला, तर कारण फुप्फुसात असू शकतं किंवा पाणी कमी होऊन रक्तात आम्ल वाढलेलं असू शकतं. दोन्हीसाठी दवाखाना लागतो.

कोकणात आणि घाटाखालच्या गावांत मी आणखी एक प्रश्न विचारते: मूल जमिनीवर झोपलं होतं का? ताप नाही, पण झोपेतून किंचाळून उठलं आणि मग उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, असं असेल तर विंचू आठवायचा. पोटात दुखून उलट्या आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या तर मण्यार. मण्यारीच्या दातांची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. या दोन्हींत ओआरएसचा काही उपयोग नाही, लगेच गाडी काढायची.

यातलं काहीच नसेल तर मग पाण्याचा हिशोब.

माझा सगळ्यात जास्त भरवसा लघवीवर. शेवटची शू कधी झाली, हे घरात कुणाला तरी आठवतंच. वर्षाच्या पुढच्या मुलाने आठ तास शू केली नाही तर निघायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मी सहा तासच धरते. हल्लीच्या डायपरमध्ये शू कळत नाही, वरून कोरंच लागतं. म्हणून उलट्या सुरू झाल्या की नवा डायपर घाला, तसाच एक कोरा डायपर दुसऱ्या हातात धरा आणि दर दोन तासांनी वजनाचा अंदाज घ्या. किंवा सरळ सुती लंगोट बांधा. मुलगी असेल आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले असतील तर शू आणि शी वेगळी करता येत नाही. तेव्हा लघवीचा भरवसा सोडून बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

बाकीच्या खुणा अशा. स्वच्छ धुतलेलं बोट गालाच्या आतून फिरवा. ओठ तापानेही सुकतात, म्हणून ओठांवरून ठरवू नका. आतून बोट ओलं, बुळबुळीत आलं तर चांगलं. चिकट लागलं तर पाणी कमी पडतंय. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का ते बघा. डोळे खोल गेलेत का हे आईला विचारावं, कारण नेहमीचा चेहरा तिला माहीत असतो. फोनमधला कालचा फोटो शेजारी धरून बघितलात तर आणखी बरं. मग बेंबी आणि कूस यांच्या मधली पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. क्षणभर घडी दिसून मग बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर खूपच कमी झालंय. गुटगुटीत मुलात ही चिमूट फसवते, चरबीमुळे कातडी लगेच बसते. अगदी हडकुळ्या मुलात उलट फसवते.

हातपाय गार लागले की सगळे घाबरतात. ताप चढत असताना हातपाय गार आणि पोट-पाठ तापलेली हे नेहमीचंच आहे. अंगठ्याने मुलाच्या छातीच्या मधल्या हाडावर पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. सावळ्या मुलात हे हाताच्या नखावर किंवा तळव्यावर जास्त स्पष्ट दिसतं, पण त्याआधी हात ऊबदार करून घ्या. तीन सेकंद किंवा जास्त लागत असतील आणि ताप उतरल्यावरही हातपाय गारच असतील, तर थांबू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: मूल जागं असताना कसं आहे? तहानेने वाटीवर झडप घालणारं, चिडचिडं, रडणारं मूल पाणी कमी झाल्याचं सांगतंय, पण ते अजून लढतंय. त्याला घरी पाजून बघता येतं. पाणी तोंडाशी नेलं तरी न घेणारं, मान टाकणारं मूल घरी ठेवायचं नाही. त्याच्या तोंडात जबरदस्तीने चमचा घालायचा नाही, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

झोप आणि ग्लानी यातला फरक रात्री दोन वाजता कसा ओळखायचा? मुलाला उठवा. अंगावरचं पांघरूण काढा, नावाने हाक मारा, तळपायाला गुदगुल्या करा. झोपलेलं मूल वैतागतं, हात झटकतं, आईला बघून रडतं, पदराशी येतं. ग्लानीतलं मूल डोळे किलकिले करून पुन्हा मिटतं, तुमचा हात दूर सारत नाही, रडलं तरी आवाज क्षीण असतो. १०३ तापातही मूल मलूल दिसतं, म्हणून तापाचं औषध पोटात टिकल्यानंतर तासाभराने पुन्हा बघा. ताप उतरला आणि मूल उठून बसलं तर जिवात जीव येतो. ताप उतरूनही तसंच असेल तर निघा.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक दोन वर्षांचा मुलगा सकाळी सातला माझ्याकडे आला. रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान फक्त तीन उलट्या झाल्या होत्या. बारानंतर एकही नाही. "शांत झोपला होता, म्हणून आम्हीही झोपलो," वडील सांगत होते. त्याने दुपारी थोडा वरणभात खाल्ला होता, त्यानंतर पोटात काही टिकलं नव्हतं. शू संध्याकाळी सहाला झालेली. पहाटे दोनदा पातळ शी झाली होती, ती डायपरमध्येच राहिली. मी बघितला तेव्हा डोळे खोल, पोटाची घडी तशीच उभी, श्वास खोल आणि भराभर. बोटाच्या थेंबावर साखर तपासली तर खूप खाली गेलेली. लहान मुलाच्या अंगात साखरेचा साठा थोडा असतो, रात्रभर उपाशी आणि तापात राहिलं की तो संपतो. त्याला शिरेतून साखर आणि सलाईन दिलं आणि तिसऱ्या दिवशी तो खेळत घरी गेला. उलट्या थांबल्या होत्या कारण पोटात काढायला काही उरलंच नव्हतं. वडिलांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की उलटी थांबली तरी पाजणं सुरू ठेवायचं आणि रात्री निदान दोनदा उठवून बघायचं.

आता पाजायचं कसं. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि तुमचंही त्या रात्री बहुधा इथेच चुकलं. तहानलेलं मूल मागतं म्हणून आपण वाटीभर पाणी देतो, ते घटाघटा पितं, ताणलेलं पोट लगेच उलटतं आणि आपण म्हणतो, काहीच टिकत नाही. टिकतं, पण चमच्याने.

उलटी झाली की दहा मिनिटं काही द्यायचं नाही. मग पाच मिलिलिटर ओआरएस, दोन मिनिटांनी पुन्हा पाच. घरातले स्टीलचे चमचे एकसारखे नसतात, म्हणून तापाच्या औषधाचं खुणा केलेलं झाकण वापरा किंवा मेडिकलमधून सुई नसलेली पाच मिलिलिटरची सिरिंज आणून ठेवा. सिरिंजचं टोक गालाच्या आत ठेवून हळू सोडायचं, घशात मारायचं नाही. दर दोन मिनिटांनी पाच म्हणजे तासाला १५० मिलिलिटर. ११ किलोच्या मुलाला एवढं भरपूर होतं. मधे उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबून दर तीन मिनिटांनी सुरू करायचं. एखादी उलटी झाली म्हणजे उपाय फसला असं नाही, पोटात उतरलेल्यातलं बरंच आत शोषलं गेलेलं असतं. अंगावर पिणारं बाळ असेल तर स्तनपान बंद करू नका, फक्त एका वेळी थोडं आणि वरचेवर पाजा.

ओआरएस म्हणजे पुडीतलंच. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात, छोटी पुडी अख्खी २०० मिलिलिटरमध्ये. कितीत घालायची ते पुडीवर छापलेलं असतं. मोठी पुडी उघडी ठेवून पेल्यात चमचाभर टाकत राहणं ही मी सगळ्यात जास्त बघितलेली चूक आहे. घट्ट झालं तर मिठाचं प्रमाण वाढून मुलाला झटके येऊ शकतात. पातळ झालं तर उपयोग कमी. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, पुडी पूर्ण ओता, हलवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. डब्यातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नावाला मनाई केली, पण जुना डबा घरात असू शकतो. त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवते. ग्लुकोजची पावडर, थंड पेय, नुसतं नारळपाणी यांत मीठ पुरेसं नसतं. पुडी नसेलच तर रात्रीपुरतं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा औषधाच्या पाच मिलिलिटरच्या मापाचा, शीग न भरता. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ घालून केलेली पातळ भाताची पेजही चालते.

एक रात्र पूर्ण सांगते. बावीस महिन्यांची मुलगी, वजन ११ किलो, आईचा फोन पावणेबाराला. नऊ, नऊ चाळीस, साडेदहा आणि अकरा वीसला उलट्या झालेल्या. ताप १०१.५. शेवटची शू आठला. शेवटच्या दोन उलट्या अर्धा पेला पाणी पिऊन लगेच झाल्या होत्या. उलटीचा रंग पांढरा-पिवळा, पोट मऊ, श्वास ३४. मुलगी रडत होती आणि गालावर अश्रू होते, हे मला फोनवर ऐकूनच बरं वाटलं. बाराला चमचा सुरू केला. बारा पंचवीसला एक छोटी उलटी झाली, दहा मिनिटं थांबून दर तीन मिनिटांनी पुन्हा सुरू. सव्वा वाजेपर्यंत सुमारे १२० मिलिलिटर पोटात गेलं होतं, त्यातलं एका छोट्या उलटीपुरतं परत आलं. मग तापाचं औषध दिलं. एक चाळीसला लंगोट भिजला. त्या क्षणी मी आईला म्हटलं, आता दवाखान्याचा विचार सोडा. साडेतीनला उठवून पन्नास मिलिलिटर पाजलं, तिने वैतागून हात झटकला, तेही हवंच होतं. सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारी मला दाखवून गेली आणि सलाईन लागलं नाही.

यातून वेळेचा हिशोब लक्षात घ्या. चमचा सुरू केल्यापासून एक तासाने पहिलं ठरवायचं. निम्म्याहून जास्त आत टिकलंय आणि मूल पहिल्यापेक्षा टवटवीत किंवा निदान तसंच आहे, तर पुढे चालू ठेवा. जे जातंय ते सगळंच परत येतंय किंवा मूल मलूल होत चाललंय, तर निघा. दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर दोन-तीन तास प्रयत्न करायला हरकत नाही. तुमच्यासारखं २२ किलोमीटर, पाऊस आणि खड्डे असतील तर एक तासाच्या पुढे वाट बघू नका, आणि सहा तास शू नसेल तर तेवढ्यावरही निघा. लांब राहणाऱ्याने लवकर निघणं हा भित्रेपणा नाही, रस्त्यातला वेळही आजारातच मोजायचा असतो.

तापाच्या औषधाबद्दल. फक्त पॅरासिटामॉल. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ११ किलोला १६५. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात आणि गडबड तिथेच होते. पाच मिलिलिटरमध्ये २५० वाली असेल तर ३.३ मिलिलिटर, १२५ वाली असेल तर ६.६, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० वाले ड्रॉप्स असतील तर फक्त १.६. ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिल्यामुळे यकृताला इजा होण्याइतका डोस जाऊ शकतो, म्हणून लेबल दिव्याखाली वाचा. सहा तासांच्या आत पुन्हा नाही, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. उलटी होऊन वीसेक मिनिटं गेल्यावर द्या. दिल्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत उलटीत बाहेर आलं तर एकदाच परत द्या, त्यानंतर आलं तर नाही. तोंडाने टिकतच नसेल आणि जुलाब नसतील तर १७० मिलिग्रॅमची गुदद्वारातून द्यायची कांडी या वजनाला बसते. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड, ज्यांचं सिरप "जास्त तापावर" म्हणून बऱ्याच घरांत असतं, ती पाणी कमी झालेल्या मुलाला देऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पावसाळ्यात तो ताप डेंगीचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

उलटी थांबवायचं ऑन्डान्सेट्रॉन डॉक्टरांना फोन करून, वजन सांगून, एकदाच द्यावं. ८ ते १५ किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅमचा एक डोस बसतो आणि मग चमच्याने पाजणं खूप सोपं होतं. पण वर सांगितलेल्या हिरव्या उलटीत किंवा लाटेसारख्या कळेत ते देऊन वाट बघणं चूक. आधीच्या आजारपणातली दुसरी उलटीची औषधं कपाटात असतील तर ती नकोत. त्यातल्या काहींनी मुलांची मान आणि डोळे वाकडे होतात.

निघताना आधी फोन करा आणि नेमकं विचारा: आत्ता लहान मुलाला सलाईन लावणारं कुणी हजर आहे का? जवळचा बंद दवाखाना ठोठावण्यात अर्धा तास जातो. गाडी नसेल किंवा मूल ग्लानीत असेल तर १०८ ला फोन. मूल जागं असेल तर गाडीतही चमचा चालू ठेवा. सोबत उलट्यांच्या आणि शूच्या वेळा लिहिलेला कागद, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि शेवटचा डायपर घ्या. मला त्या डायपरवरून बरंच कळतं.

सासूबाईंना एक सांगा: सलाईन हे ताकदीचं औषध नाही. मूल पाजलेलं पोटात ठेवत असेल तर ओआरएसने तेवढंच काम होतं, सुई न टोचता. मूल पिऊ शकत नसेल, ग्लानीत असेल किंवा सगळंच बाहेर टाकत असेल तर सलाईन लागतं, आणि तेव्हा मात्र उशीर करायचा नाही.

रात्र नीट पार पडली तरी सकाळी मुलाला दाखवा. चोवीस तासांनंतरही जुलाब सुरू झाले नाहीत आणि ताप-उलट्या चालूच आहेत, तर हे पोटाचं दुखणं नसून लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, मुलींमध्ये विशेष. एक लघवीची तपासणी मागून करून घ्या. पावसाळ्यात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ताप उतरला पण उलट्या, पोटदुखी आणि गार हातपाय सुरू झाले, तर ताप उतरल्याचं समाधान मानू नका. डेंगीत धोका नेमका तेव्हा असतो.

उलट्या थांबून चार तास झाले की खायला द्या. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक, केळं, मूल मागेल ते थोडं थोडं. दूध बंद करायची गरज नाही. जुलाब सुरू झाले तर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक चौदा दिवस पूर्ण. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बाटली कपाटात ठेवून देतात, ती तशी ठेवू नका.